यादीत नसलेली कामं: सोलापुरातल्या एका ऑफिस-स्थलांतराचं प्रकरण

तेवीस कामांची ती पहिली यादी मी जपून ठेवली आहे. एक ए-फोर कागद, सुवाच्य अक्षर, प्रत्येक कामापुढे लागणारे दिवस आणि ते कोण करणार त्याची नोंद. 'खोकी आणणे, १ दिवस.' 'फायली भरणे, ३ दिवस.' 'इंटरनेट जोडणी, ३ दिवस.' 'नवा पत्ता सगळ्यांना कळवणे, १ दिवस.' चूक काढायला बसलात तर सहजी सापडणार नाही, कारण लिहिलेलं एकही काम चुकीचं नव्हतं. तरीही त्या कागदाप्रमाणे चाललो असतो, तर जुन्या जागेची मुदत संपल्यावर ही पेढी बारा दिवस इंटरनेटशिवाय बसली असती. हे बारा दिवस कुठून आले ते पुढे सांगतो.

पेढी टेरी टॉवेलची. कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, ऑफिस नवी पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. चौदा माणसं, थोडी निर्यात, बाकी देशातला व्यापार. भाडेकरार ३१ जानेवारीला संपत होता आणि शेठनी होटगी रोडला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा बघून ठेवली होती. मी तिथे महिन्यातून दोनदा जातो, ऑर्डरींचं वेळापत्रक लावून द्यायला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा एमबीएची एक मुलगी दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी आली होती. शेठनी तिला पहिलंच काम दिलं ते माझ्यासमोर. "बेटा, आपलं ऑफिस हलवायचंय. प्लॅन करून दे. साधं काम आहे, टेम्पो आणि हमाल बघायचे."

तारखेवर फार चर्चा झाली नाही. पौषात शेठना नव्या जागेत जायचं नव्हतं, आणि संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची यात्रा असते. गड्ड्याची जत्रा भरलेली असताना सोलापुरात हमाल मिळवून दाखवावेत. २६ जानेवारी सोमवारी येत होता, म्हणून शनिवार ते सोमवार असे तीन दिवस ठरले. मंगळवारी, २७ तारखेला, सकाळी दहाला नव्या जागेत काम सुरू.

तिने पहिली यादी तीन दिवसांत केली. सगळ्यात लवकर सुरू होणारं काम १५ जानेवारीचं होतं. मी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "मंगळवारी दहा वाजता ऑफिस सुरू झालं, हे तुला कशावरून कळेल?"

ती म्हणाली, "सगळे आपापल्या जागेवर बसलेले असतील."

"बसून करतील काय?"

थोडा वेळ विचार करून म्हणाली, "कारखान्यातून गाडी सुटेल, तिचं बिल निघेल."

इथून खरं काम सुरू झालं. तिची पहिली यादी होती 'आपण काय काय करणार' याची. त्याऐवजी मंगळवारचं ते एक बिल धरायचं आणि मागे मागे यायचं: ते निघायला काय हजर लागतं, ते हजर असायला त्याआधी काय लागतं, आणि ते कुणाच्या हातात आहे. पहिल्या पद्धतीत डोक्यात येतं तेवढंच कागदावर उतरतं. दुसरीत एकेक पायरी पुढच्या पायरीचं नाव सांगते. शिवाय मी तिला टेबलावरून उठवलं. वही घेऊन चौदाही माणसांजवळ जा, प्रत्येकाच्या हाताखालची वस्तू बघ आणि विचार की ही वस्तू आणखी कशाला जोडलेली आहे.

पहिला धागा संगणकापासून निघाला. बिल टॅलीत होतं, टॅलीचा सर्व्हर ऑफिसच्या कोपऱ्यात. पण गाडीत किती गठ्ठे भरले ते कारखान्यातला डिस्पॅचचा मुलगा तिथे बसून ह्याच सर्व्हरवर टाकतो. तो इथवर पोचतो कसा? ऑफिसच्या इंटरनेटला स्टॅटिक आयपी घेतलेला आहे, म्हणजे कधीही न बदलणारा पत्ता, आणि कारखान्यातल्या संगणकात तो पत्ता भरून ठेवलेला आहे. नव्या जागी नवी जोडणी, म्हणजे आयपी नवा. कारखान्याच्या बाजूला बदल न करता नुसता सर्व्हर हलवला असता, तर ऑफिसात इंटरनेट व्यवस्थित चालू दिसलं असतं आणि बिल मात्र निघालं नसतं. असा घोटाळा लवकर सापडत नाही, कारण जो तो आपल्याकडे सगळं ठीक आहे असंच सांगतो.

मग ती इंटरनेटवाल्याकडे गेली. यादीतले तीन दिवस त्याच्याच विक्री प्रतिनिधीने फोनवर सांगितले होते. खोटं नव्हतं ते. तार इमारतीत आलेली असेल तर तीन दिवस पुरतात. इथे ती तळमजल्यापर्यंतसुद्धा आली नव्हती. आधी पाहणी, मग रस्त्यावरून तार आणणं, मग डक्टमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवणं. डक्टला हात लावायला इमारतीची लेखी परवानगी लागते. सोसायटी अजून स्थापन झालेली नव्हती, म्हणजे परवानगी बिल्डरची, आणि बिल्डर आठवड्यातले पाच दिवस पुण्यात. शेवटी स्टॅटिक आयपी चालू होणं आणि कारखान्याबरोबर चाचणी.

तिने ११ डिसेंबरला अर्ज टाकला. चाचणी पार पडली ८ जानेवारीला. अठ्ठावीस दिवस. त्यांतलं प्रत्यक्ष काम मोजलं तर फार तर चार दिवसांचं, बाकी सगळी वाट बघणं. आता ते बारा दिवस: पहिल्या यादीप्रमाणे १५ जानेवारीला अर्ज गेला असता, तर त्याच चालीने जोडणी १२ फेब्रुवारीला मिळाली असती, आणि जुनी जागा ३१ जानेवारीला सोडायची होती.

लपलेलं काम म्हणजे बऱ्याचदा मेहनत नसतेच, वाट बघणं असतं. आणि ते कुणाच्याही यादीत येत नाही, कारण वाट बघताना कुणी काही करत नसतं. नियोजनाच्या भाषेत अशा एकामागून एक येणाऱ्या सर्वांत लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. ह्या स्थलांतरात तो हमालांवरून किंवा खोक्यांवरून गेलाच नाही. बिल्डरच्या पुण्याच्या फेऱ्यांवरून गेला.

दुसरा धागा पत्त्याचा. हे काम तिने एका दिवसाचं धरलं होतं, एक ईमेल सगळ्यांना. ती मुनीमकाकांकडे गेली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पोरी, पत्ता कळवायचा नसतो. पत्ता मंजूर करून घ्यायचा असतो."

जीएसटी नोंदणीतला व्यवसायाचा पत्ता बदलला की पंधरा दिवसांच्या आत REG-14 भरून दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. तो अधिकारी तपासतो, आणि मंजुरीसाठी त्याच्याकडे कामाचे पंधरा दिवस असतात. त्याने शंका काढली की उत्तर द्यायचं, तोवर काम थांबलेलं. बिलावर छापायचा पत्ता नोंदणीतल्या पत्त्याशी जुळला पाहिजे. म्हणजे मंगळवारच्या त्या एका बिलाची ही साखळीसुद्धा डिसेंबरातच सुरू व्हायला हवी होती.

अर्जासोबत जागेचा पुरावा जोडायचा: भाडेकरार, आणि जागा मालकाचीच आहे हे दाखवणारा कागद. बहुतेक लोक वीजबिल जोडतात. तिने मालकाकडून वीजबिल मागवलं आणि करारासमोर ठेवून दोन्हींवरची नावं वाचली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिला पैकीच्या पैकी मार्क देतो. करार मालकाच्या नावाने, बिल बिल्डरच्या नावाने. जागा विकत घेतल्यावर मालकाने मीटर आपल्या नावावर करून घेतलंच नव्हतं. असा अर्ज गेला असता तर शंका निघणार हे जवळपास ठरलेलं. मुनीमकाकांनी मार्ग सांगितला: महापालिकेची मालमत्ता कराची पावती मालकाच्या नावावर असेल तर ती पुरावा म्हणून चालते. ती होती. सोबत इंडेक्स टूची, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत जोडली.

आणखी एक शहाणपण त्यांचंच. मुख्य पत्ता लगेच बदलायचा नाही. आधी नवी जागा 'अतिरिक्त व्यवसायस्थळ' म्हणून नोंदणीत चढवायची. ताबा २० डिसेंबरपासून मिळाला होता, करार आदल्या दिवशी नोंदला गेला होता, म्हणून २२ तारखेला अर्ज गेला आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. आता दोन्ही पत्ते नोंदणीत. टेम्पो वाटेत बंद पडला काय किंवा स्थलांतर आठवडाभर लांबलं काय, बिल दोन्हीकडून काढता येणार. मुख्य पत्त्याची अदलाबदल स्थलांतर झाल्यावर सावकाश. निर्यातीच्या आयईसी कोडवरचा पत्ता आणि बँकेचे कागद त्याच्यामागून. ती रांगच होती, प्रत्येकाला आधीच्या मंजुरीची प्रत हवी.

देशातल्या विक्रीच्या पाकिटांवरही ऑफिसचा पत्ता छापलेला निघाला. गोदामात साधारण सहा आठवडे पुरतील एवढी पाकिटं पडून होती. हे गोदामवाल्याला माहीत होतं, मुनीमकाकांना नव्हतं, आणि शेठनाही नव्हतं. पुढच्या छपाईत कारखान्याचा पत्ता घालायचा असं ठरलं, तो काही हलणार नाही. बाकी होती ती पाकिटं स्थलांतराच्या आधी संपवायची म्हणून त्या मालाचं पॅकिंग पुढे ओढलं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण ती जानेवारीत कुणालाच दिसली नसती. नव्या जागेचं वीजबिल हातात होतंच, म्हणून तिने त्यावरचा मंजूर भार वाचला: सिंगल फेज, ३ किलोवॅट. मग वहीत बेरीज केली. दीड टनाचे चार एसी, प्रत्येकी पावणेदोन किलोवॅटच्या आसपास, म्हणजे सात. चौदा संगणक, प्रत्येकी दीडशे वॅट धरून दोनाच्या वर. दिवे, पंखे, प्रिंटर, यूपीएसचं चार्जिंग मिळून दीड. एकूण साडेदहा. मंजूर भाराच्या तिपटीहून जास्त.

पण थंडीत एसी लागत नाहीत. एसी वगळले तर बेरीज साडेतीनच्या आसपास येते, आणि सगळं एकाच वेळी कधीच चालू नसतं. म्हणजे २७ जानेवारीला सगळं सुरळीत चाललं असतं, पेढे वाटले गेले असते, आणि मार्चमध्ये पारा चाळिशीकडे निघाला की दुपारी दोनला एमसीबी पडायला लागली असती. तोवर इंटर्न कॉलेजात परत गेलेली. भारवाढीचा अर्ज महावितरणकडे करायचा तो ज्याच्या नावाने मीटर आहे त्याने, आणि मीटर बिल्डरच्या नावाने. म्हणजे आधी नावबदल, मग भारवाढ, बहुधा थ्री फेज. पुन्हा एकामागून एक.

तिला वाटलं हेही तातडीचं. मी म्हटलं, थांब. हे काम स्थलांतराच्या आड येतं का? नाही. कधीपर्यंत झालं तर चालेल? मार्चच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे ह्याला जवळजवळ पाच आठवड्यांची सवड आहे. सगळी लपलेली कामं सापडल्यावर सगळ्यांवर एकदम तुटून पडणं हीसुद्धा चूकच, कारण शेठचा दिवसातला अर्धा तास मिळतो आणि तो बिल्डरच्या परवानगीवर खर्च करायचा की मीटरच्या नावावर, हे ठरवावं लागतं. मीटरचा अर्ज सुरू करून दिला आणि पाठपुरावा फेब्रुवारीत ढकलला.

चौथी गोष्ट तिजोरीची. शेठच्या वडिलांच्या काळातली, हिरव्या रंगाची. हमालांचे मुकादम जागा बघायला आले. तिजोरीला हात लावून, थोडी डोलवून म्हणाले, "सव्वाचारशे किलोच्या खाली नाही बघा मॅडम." नव्या इमारतीच्या लिफ्टमधली पाटी तिने फोटोत टिपून आणली होती: ६ व्यक्ती, ४०८ किलो. तिजोरी एकटीसुद्धा बसत नाही, हमाल तर दूरच. जिन्याने न्यायची तर वळणावर चार माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत. क्रेनने खिडकीतून घ्यायची तर खिडकीची चौकट काढावी लागणार. तिच्या वहीत तिजोरीखाली पाच उपकामं तयार झाली होती आणि खर्च वाढत चालला होता.

मग शिपाईमामांनी सहज विचारलं, "ताई, पण तिच्यात हाय काय?"

किल्ली शोधायला एक दिवस गेला. आत निघालं: जुनी चेकबुकं, एका विम्याचे मुदत संपलेले कागद, आणि लक्ष्मीपूजनाचा चांदीचा शिक्का. शेठ जरा गप्प झाले, मग हसले. तिजोरी कारखान्याच्या तळमजल्यावर गेली आणि पाचही उपकामं यादीतून खोडली गेली. लपलेलं काम सापडलं की ते करायलाच हवं असं नाही, पण ही खोडाखोड टेबलावर बसून सुचली नसती.

मामांचा विषय निघालाच आहे तर त्यांचं स्वतःचं काम. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. कधी येणार ते मामांना ठाऊक असतं. त्या दिवशी ते लवकर येतात, मोटार लावतात, टाकी भरतात. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी त्यांना विचारलं नाही, कारण ऑफिसात पाणी असतंच. नव्या इमारतीत बोअर होतं, पण पिण्याच्या पाण्याची सोय नव्हती. वर्षानुवर्षं कुणीतरी मुकाट करत आलेलं असं काम शोधायला एकच प्रश्न उपयोगी पडला, तोही तिचाच: "मामा, तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर इथे काय बंद पडतं?" हाच प्रश्न तिने मग मुनीमकाकांना विचारला, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप ते पेनड्राइव्हवर घेऊन खिशात घालून घरी नेतात. सर्व्हर उचलण्याआधी तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघायचं काम यादीत चढलं. उघडून बघणं महत्त्वाचं. बॅकअप घेतलाय हे सगळेच सांगतात.

दुसरी यादी झाली तेव्हा कामं अठ्ठावन्न होती. शेठ चमकले. "टेम्पो आणि हमाल म्हटलं होतं मी." पण तिने कागदाच्या वर एकच ओळ लिहिली होती: ह्या आठवड्यात तुमच्याकडून फक्त दोन सह्या आणि बिल्डरला एक फोन. त्यांनी फोन तिथेच लावला. अठ्ठावन्न कामांचा कागद मालकापुढे ठेवायचा नसतो, त्यातलं त्यांचं तेवढं ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलं मला माहीत नाही. मी नाही.

स्थलांतराचे तीन दिवस कंटाळवाणे गेले, म्हणजे चांगले गेले. तारांना जोडीजोडीने चिकटपट्टीवर नंबर होते, सर्व्हर शेठच्या गाडीतून मांडीवर धरून गेला, यूपीएसच्या बॅटऱ्या उभ्याच्या उभ्या नेल्या. रविवारी रात्री कारखान्यातून खोटी नोंद टाकून बघितली, पोचली.

मंगळवारी सव्वादहाला बिल तयार झालं. छापायची आज्ञा दिली आणि काहीच झालं नाही.

बिल तीन प्रतींत लागतं, कार्बनच्या कागदावर, म्हणून ते जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतं. प्रिंटर आलेला होता, यादीत होता, खोक्यावर नंबरही होता. पण त्याची जाडजूड पॅरलल केबल नव्या कुठल्याच संगणकाला बसत नव्हती. ती बसायची मुनीमकाकांच्या टेबलाखालच्या एका जुनाट संगणकाला, ज्याला पडदासुद्धा नव्हता. त्याच्यावर तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती: 'भंगार.' शनिवारी संध्याकाळी तो गेला होता.

तिचा चेहरा पडला. वस्तू काय आहे हे तिने विचारलं होतं, मुनीमकाका म्हणाले होते "बंद आहे तो". त्यांच्या लेखी खरंच बंद होता, कारण त्याच्यावर कुणी बसत नव्हतं. मागच्या बाजूने तो चालूच होता, नेटवर्कवर प्रिंटर वाटून देत. त्याच्या मागच्या तारा मोजल्या असत्या तर तीन निघाल्या असत्या आणि बंद यंत्राला तीन तारा कशाला हा प्रश्न पडला असता. हा तपास मीही सुचवला नव्हता.

कारखान्यात गाडी भरून उभी होती. साध्या प्रिंटरवर तीन वेगवेगळ्या प्रती काढून, प्रत्येकीवर शिक्का मारून ती पावणेबाराला सोडली. शिक्क्यावर पत्ता जुना होता. मुनीमकाकांनी तो पेनाने खोडला, वर नवा लिहिला आणि सही केली. तोवर शिपाईमामा भंगारवाल्याकडे पोचले होते. त्याने वजनावर दोनशेला घेतलेला संगणक चारशेला परत दिला. वर म्हणाला, "मामा, चालू होता म्हणून लावून ठेवला होता, पोरं गाणी ऐकत होती."

संध्याकाळी इंटर्नने यादीत एकोणसाठावं काम लिहिलं, त्याच्यापुढे पूर्ण झाल्याची तारीख टाकली, आणि त्या संगणकावरची चिठ्ठी काढून नवी लावली: 'बिलाचा प्रिंटर. बंद करू नये.'